वीज गेल्यावर फिरणारी तबकडी

दुपारी वीज गेली आणि छताचा पंखा हळूहळू मंदावत थांबला, तेव्हा वीज गेल्यामुळेच फिरू लागणारी एक तबकडी आठवली. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी कॅलटेकमधल्या व्याख्यानांत ते कोडे घातले आणि त्याचे उत्तर दहा प्रकरणे पुढे ढकलले. प्लास्टिकची तबकडी अक्षावर मोकळी बसवलेली आहे, तिच्या मध्यभागी तारेच्या वेटोळ्यांचे नालकुंतल आणि बॅटरी आहे, आणि कडेला विद्युतभारित धातूच्या गोळ्या आहेत. प्रवाह तुटला की चुंबकीय क्षेत्र मावळते, मावळताना कडेभोवती वर्तुळाकार विद्युत क्षेत्र निर्माण होते आणि ते गोळ्यांना ढकलते. बाहेरून कोणी बोटही लावलेले नसताना तबकडीला कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा संवेग, मिळाला कुठून?

क्षेत्रात साठवलेला होता, हे उत्तर बरोबर आहे. स्थिर विद्युत क्षेत्र आणि स्थिर चुंबकीय क्षेत्र एकत्र असले की काहीही हलत नसताना त्या जागेत संवेग असतो. गोळ्यांवरचा एकूण भार आणि गोळ्यांच्या कड्यातून जाणारा निव्वळ चुंबकीय फ्लक्स यांच्या गुणाकाराला 2π ने भागले की त्याचा आकडा मिळतो. पण मला हिशेबाची एक खोड आहे: रक्कम खात्यात होती एवढ्याने माझे समाधान होत नाही, ती भरली कधी आणि कोणी, तेही कळावे लागते. गोळ्या आधी भारित केल्या असतील, तर प्रवाह सुरू करताना तबकडी उलट्या दिशेने फिरू पाहते आणि तिला धरून ठेवणारा हात ती भरपाई करतो. प्रवाह आधी सुरू असेल, तर भार कडेला आणताना चुंबकीय बल त्याला बाजूला रेटते आणि तो रेटा पुन्हा हातालाच सोसावा लागतो.

हाताला ते जाणवत मात्र नाही. गोळ्यांवर मिळून एक मायक्रोकूलंब भार, कड्यातून 0.0001 वेबर फ्लक्स, आणि तबकडी 100 ग्रॅम वजनाची व 10 सेंटिमीटर त्रिज्येची धरली, तर घर्षण मुळीच नसतानाही एका फेरीला सहा वर्षांहून अधिक काळ लागेल. त्यात आणखी एक भागीदार निघतो. तारेतून फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांनाही वस्तुमान असते, आणि प्रवाह थांबताना ते तबकडीला जो कोनीय संवेग देतात, तो इथे क्षेत्राच्या वाट्याच्या कित्येक पट भरतो. दोन्ही वेगळे ओळखण्याची खूण एकच: गोळ्यांवरच्या भाराचे चिन्ह बदलले, तर क्षेत्राचा वाटा उलटतो, इलेक्ट्रॉनांचा जसाच्या तसा राहतो.

1980 मध्ये ग्रॅहम आणि लाहोझ यांनी चुंबकीय क्षेत्रात दंडगोलाकार धारित्र टांगून असा क्षेत्रातला कोनीय संवेग प्रत्यक्ष मोजला. तबकडी मात्र त्यांनीही वापरली नाही. सहा वर्षे एका फेरीकडे बघत कोण बसणार?