शून्यरेषा कोणामुळे ओलांडली गेली?

सातपूरच्या कारखान्यातील पाळी संपवून घरी आल्यावर मी रोज रात्री एका शेअरचा चायकिन मनी फ्लो पाहत असे. वीस दिवसांची ही रेषा शून्याच्या वर गेली की खरेदीचा जोर आणि खाली आली की विक्रीचा, एवढेच मला ठाऊक होते. एका संध्याकाळी ती उणे ०.०५ वरून थेट अधिक ०.१० वर गेलेली दिसली, म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळी शेअर घेतले आणि आठवडाभरात तोट्यात ते विकले. रेषेने फसवले असे वाटून मी तिचा हिशेब शीटमध्ये स्वतः मांडला.

B मध्ये उच्चांक, C मध्ये नीचांक, D मध्ये बंद भाव आणि E मध्ये व्हॉल्यूम, अशी मांडणी केली:

```
F2:  =IF(B2=C2,0,((D2-C2)-(B2-D2))/(B2-C2)*E2)
G21: =SUM(F2:F21)/SUM(E2:E21)
```

बंद भाव दिवसाच्या उच्चांकावर असेल तर पूर्ण व्हॉल्यूम अधिक धरला जातो, नीचांकावर असेल तर उणे, आणि बरोबर मध्यावर असेल तर शून्य. सर्किट लागून दिवसभर एकच भाव राहिला तर भागाकार शून्याने होतो, म्हणून सुरुवातीची अट घातली आहे.

आता तो दिवस पाहू. उच्चांक २०६, नीचांक २०२, बंद २०३ आणि व्हॉल्यूम २ लाख; म्हणजे गुणक उणे ०.५ आणि त्या दिवसाची भर उणे १ लाख. ज्या दिवशी रेषा वर गेली, तो दिवस स्वतः विक्रीचाच होता! आदल्या दिवशीची वीस दिवसांची बेरीज उणे ३ लाख आणि एकूण व्हॉल्यूम ६० लाख होता. मात्र त्यातला सर्वांत जुना दिवस कंपनीच्या निकालाचा होता. त्याचा व्हॉल्यूम १२ लाख आणि वाटा उणे ९ लाख. तो खिडकीतून बाहेर पडताच बेरीज अधिक ५ लाख झाली, व्हॉल्यूम ५० लाखांवर आला आणि भागाकार ०.१० झाला. मधल्या एकोणीस दिवसांत खरेदी होती हे खरे, पण ती बातमी जुनी होती आणि मी तिला आजची समजलो.

तेव्हापासून मी शेजारच्या रकान्यात बाहेर पडणाऱ्या दिवसाचा F लिहितो. रेषा शून्य ओलांडते त्या दिवशी नव्या दिवसाची भर त्याच दिशेची नसेल, तर ते ओलांडणे मी मोजत नाही. ०.०५ च्या आतील हालचालही सोडून देतो.

एक उणीव मात्र या रकान्यानेही भरून निघत नाही. नंतर एकदा हाच शेअर २१० वर बंद होऊन दुसऱ्या दिवशी १९६ ला उघडला, १९४ ते २०२ मध्ये फिरला आणि २०० वर बंद झाला. भाव दहा रुपयांनी पडला होता, तरी गुणक अधिक ०.५ आला, कारण या सूत्रात आदल्या दिवसाच्या बंद भावाला जागाच नाही.