छत्तीस महिने, पण कधीपासून?

आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासासाठी आलेल्या विकासकाच्या 34 पानी इंग्रजी ऑफरचा दोन पानी मराठी सारांश सभासदांना वाटायचा होता. वाटण्याआधी तो मुळाशी ताडून बघायचं काम माझ्याकडे आलं. एका संध्याकाळचं काम आहे असं वाटलं होतं. त्यातल्या एकाच वाक्याने चार दिवस घेतले.

पद्धत साधी ठेवली. सारांशाची छापील प्रत घ्यायची, प्रत्येक आकडा, तारीख, नाव आणि क्रियापद पेन्सिलीने अधोरेखित करायचं आणि समासात मूळ ऑफरचा पान क्रमांक लिहायचा. पान सापडलं नाही तर तिथे प्रश्नचिन्ह. क्रियापदं सोडायची नाहीत, कारण मुळात ‘प्रयत्न करू’ असतं आणि सारांशात ‘देऊ’ होतं. दोन पानांत अशा 40 जागा निघाल्या. 37 पटापट जुळल्या, दोनवर प्रश्नचिन्ह राहिलं.

उरलेली चाळिसावी जुळल्यासारखी दिसत होती, आणि सगळा घोळ तिथेच होता. सारांशात लिहिलं होतं, ‘घर रिकामं केल्यापासून 36 महिन्यांत नव्या घराचा ताबा.’ मुळात सातव्या पानावरच्या तक्त्यात 36 महिने होते, म्हणून मीही समासात 7 लिहून पुढे गेलो होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघताना लक्षात आलं की तक्त्यात फक्त ‘कालावधी: 36 महिने’ एवढंच आहे. ‘घर रिकामं केल्यापासून’ हे शब्द कुठून आले? सारांश करणाऱ्या काकांना विचारलं, तर म्हणाले, “अहो, मग आणखी कधीपासून धरणार?” म्हणजे मुळात रिकामी असलेली जागा त्यांनी अंदाजाने भरली होती.

उत्तर 21व्या पानाच्या तळटीपेत होतं: मुदत सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करायचा परवाना, मिळाल्यापासून. त्यातही मेख होती. मुंबईत सीसी बहुतेकदा टप्प्याटप्प्याने मिळते, आधी जोत्यापर्यंत आणि मग वरच्या बांधकामासाठी. तळटीपेत ‘पूर्ण सीसी’ असं होतं. घरं रिकामी झाल्यापासून पूर्ण सीसी हातात येईपर्यंतचा काळ त्या 36 महिन्यांत धरलेलाच नव्हता. काका तरीही अडून बसले, “36 आकडा बरोबर आहे ना?” आकडा बरोबर होता, पण सुरुवात चुकीची होती. म्हणून आता मुदतीच्या कोणत्याही आकड्याला मी दोन पान क्रमांक लिहितो, एक आकड्याचा आणि एक ‘कधीपासून’चा.

प्रश्नचिन्हवाल्या दोनपैकी एक छपाईची चूक निघाली. दुसरी होती ‘प्रकल्प खर्चाच्या 20 टक्के बँक गॅरंटी’. ही अट सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79अ खालच्या शासनाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे, म्हणून ती वाचताना कुणालाच खटकली नाही. पण या ऑफरमध्ये गॅरंटीचा उल्लेखच नव्हता. बाहेर खरी असलेली गोष्ट सारांशात शिरली की पकडायला सर्वांत अवघड जाते, कारण जाणकार माणूसही मान डोलावतो. खरं तर विकासकाने गॅरंटीबद्दल काहीच लिहिलेलं नाही, हीच सभासदांना सांगायची बातमी होती.

गाळलेले मुद्दे मात्र या फेरीत सापडत नाहीत, कारण जे लिहिलंच नाही त्याखाली रेघ कशी मारणार? त्यासाठी सारांश ड्रॉवरमध्ये ठेवून मूळ ऑफर नव्याने वाचली आणि सभासदाच्या खिशाला किंवा मुदतीला लागेल ते सगळं वहीत उतरवलं. नंतरच सारांश काढला. सारांश समोर ठेवून मूळ वाचलं की डोळे त्यात आहे तेवढंच शोधतात.

वहीत एक ओळ जास्त निघाली. परिशिष्टात 6 महिन्यांची वाढीव मुदत होती आणि त्या काळात विकासक सभासदांना पर्यायी घराचं भाडं देणार नव्हता. महिना 45,000 भाडं धरलं तर घरामागे 2,70,000 रुपये. सारांशात भाड्याचा आकडा ठळक अक्षरात होता, ही अट कुठेच नव्हती.

हे आधी सांगायला हवं होतं: पीडीएफमध्ये `subject to`, `provided that`, `excluding` हे शब्द शोधून बघा, अटी बहुतेक त्यांच्याच मागे लपलेल्या असतात. पण परिशिष्टं स्कॅन केलेली असतील तर शोध रिकामा येतो आणि आपण निर्धास्त होतो. आधी त्या पानावर डोळ्यांना दिसणारा एखादा शब्द शोधून पाहा. तोही सापडला नाही, तर ते पान हातानेच वाचायचं.

शेवटी वाटलेलं वाक्य असं होतं: ‘पूर्ण सीसी मिळाल्यापासून 36 महिने, अधिक 6 महिने वाढीव; वाढीव काळात भाडं नाही; सीसीला किती वेळ लागेल हे ऑफरमध्ये नाही.’ काकांच्या मते वाक्य फार लांबलं. सभेत सगळ्यात जास्त प्रश्न त्याच्यावरच आले.