"तुम्हाला सांगितलं म्हणजे कंपनीला कळलं ना?"

मी एका ईएपी हेल्पलाइनवर काउन्सेलर आहे, म्हणजे कंपन्या आमच्या एजन्सीला पैसे भरतात आणि त्यांच्या स्टाफला आमच्याकडे फुकटात बोलता येतं, बहुतेक ठिकाणी वर्षाला पाच-सहा सेशन्स. (ओळख पटू नये म्हणून खालचे डिटेल्स बदललेत.)

एक मुलगी झोप लागत नाही म्हणून फोन करायची, रविवारी संध्याकाळपासूनच पोटात गोळा. तिसऱ्या सेशनला खरं बाहेर आलं, टीम लीड रात्री-अपरात्री घाणेरडे मेसेज टाकायचा, ऑफिसात मुद्दाम खेटून उभा राहायचा. आणि हे सगळं सांगून झाल्यावर ती एकदम शांतपणे म्हणाली, "बरं झालं मॅडम, आता कंपनीकडे रेकॉर्ड झालं."

नाही ना झालं! सुरुवातीला मी प्रत्येकाला सांगतेच की तुमचं नाव आणि बोलणं एचआरला जात नाही, फक्त तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला, लहान मुलावर लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली किंवा कोर्टाचा आदेश आला तर मला गप्प बसता येत नाही. पण ही गुप्तता दोन्ही बाजूंनी चालते हे कुणाच्या डोक्यात येत नाही. तुम्ही मला काहीही सांगा, ती तक्रार होत नाही.

पॉश, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यात तक्रार लेखी, ऑफिसच्या इंटर्नल कमिटीकडे, आणि घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते, प्रकार वारंवार घडला असेल तर शेवटच्या घटनेपासून. कमिटी कारण लिहून अजून तीन महिने वाढवू शकते, पण वाढवेलच असं नाही. म्हणून मी तिला पहिलं विचारलं, शेवटचा मेसेज कधीचा? तिने फोनमध्ये बघितलं, तर मुदत संपायला जेमतेम आठवडा उरलेला. मग झोपेचं बाजूला ठेवलं आणि स्क्रीनशॉट कुठे सेव्ह करायचे, तारखा कशा लिहायच्या, कमिटीतल्या लोकांची नावं ऑफिसात कुठे लावलेली असतात, हेच बोललो. तक्रार करायची की नाही हे मात्र तिचं तिने ठरवायचं होतं, मी ढकललं नाही. तिने केली.

गंमत म्हणजे त्याच दुपारी त्यांच्या एचआरचा फोन, "अहो, त्या ब्रँचमधून कॉल्स वाढलेत का? नाव नको, नुसतं हो-नाही सांगा." छोट्या ब्रँचमध्ये नुसतं "हो" म्हणजे नाव सांगितल्यासारखंच! म्हणून आमच्या तिमाही रिपोर्टमध्ये अशा ब्रँचेस मोठ्या ऑफिसात मिसळून एकत्र आकडा देतात, ताण, घरगुती, आर्थिक असे ढोबळ कप्पे आणि बस. मी तेवढंच सांगितलं, तो वैतागला, वैतागू दे. मॅनेजरने स्वतः पाठवलेल्या केसमध्ये "आले की नाही आले" एवढं कळवतो, तेही त्या माणसाने सही करून परवानगी दिली असेल तरच.

तिची दोन सेशन्स उरलीत. एक तिने कमिटीसमोर बोलायच्या दिवसासाठी राखून ठेवलंय.