अंगठा म्हटलं की ठेंगा

पहिलीच्या मुलांसाठी हात धुण्याची चित्रफीत आधीच तयार होती, आवाज तेवढा मराठीत हवा होता. हात घासण्याची 6 दृश्यं, प्रत्येकी 4 सेकंदांची. म्हणजे 24 सेकंद. साबणाने निदान 20 सेकंद घासायला हवं, त्यामुळे वेळ ठीक होता. घोळ शब्दांत होता.

मूळ संहिता हिंदी, 'सुमन-के' या सूत्रावर बेतलेली : सीधा, उल्टा, मुट्ठी, अंगूठा, नाखून, कलाई. मराठीत पहिली पाच जुळतात, पण कलाईचं मनगट झालं की 'क' निखळतो. शिवाय पहिलीतल्या मुलाला आद्याक्षरांचा काय उपयोग? सूत्र काढलं, क्रम चित्रामुळे तसाच ठेवला.

पहिल्या खर्ड्यातली एक ओळ अशी : 'दोन्ही तळहातांना साबण लावून एकमेकांवर व्यवस्थित चोळावेत.' मोजली तर 27 अक्षरं. निवेदक 4 सेकंदांत ती कशीबशी म्हणतो, पण मुलाला ऐकून हात हलवायला क्षणही उरत नाही. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, म्हणून शब्द मोजून भागत नाही, अक्षरं मोजावी लागतात. मी मर्यादा ठरवली : ओळ 10-12 अक्षरांची, दोन सेकंदांत संपणारी. उरलेले दोन सेकंद नुसता घासण्याचा आवाज. ती ओळ झाली, 'हातावर हात, घासा घासा.'

पक्कं ध्वनिमुद्रण करण्याआधी कच्चा आवाज लावून गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या एका मराठी शाळेत पहिलीच्या मुलांना फीत दाखवली. घरी कोकणी बोलणारी मुलं, तरी साबण, नळ, बोटं कुठेच अडलं नाही. 'बोटांच्या बेचक्या' मात्र कुणालाच कळेना. तिथे 'बोटांच्या मधे' केलं.

मग चौथं दृश्य. निवेदन : 'आता अंगठा!' आणि वर्गातल्या बहुतेकांनी अंगठा वर करून दाखवला. दोघांनी तर शेजाऱ्याला ठेंगाच दाखवला. चूक माझी : नुसतं नाव घेतलं, क्रिया सांगितलीच नाही. अंगठा घासताना तो दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून फिरवायचा असतो. तसं सांगितलं नाही तर बहुधा तो तसाच राहतो. नवी ओळ : 'अंगठा मुठीत, गोल गोल.' दहा अक्षरं.

'उजवा' आणि 'डावा' हे शब्दही त्याच दिवशी गेले. पडद्यावरची मुलगी समोर तोंड करून उभी, त्यामुळे तिचा उजवा हात बघणाऱ्याच्या डावीकडे. मुलं चित्राकडे बघून गोंधळली. 'हा झाला, आता तो' म्हटल्यावर सुरळीत चाललं.

एक अडचण शब्दांनी सुटली नाही. घासताना चित्रात नळ वाहताच होता. ते दृश्य नव्याने काढायला पैसे नव्हते, म्हणून हात ओले झाल्यावर 'नळ बंद!' अशी ओळ आणि चावी फिरवल्याचा आवाज टाकला, आणि संकलकाने पाण्याची धार पुसून टाकली. धुण्याच्या दृश्यात ती परत येते.