एक्सेलने #DIV/0! दिला तो दिवस

एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये मी टेस्टिंग बघतो. मागे एक 500 लिटरची टाकी आली होती, कस्टमरचं म्हणणं आत पाणी नको, वाळवायला वेळ जातो, तर 10 बारला हवेनेच टेस्ट करा. मी नवीन ट्रेनी पोराला म्हटलं, आधी काढ बरं, ही फुटली तर आतली हवा किती काम करेल.

पोरगं एक्सेल उघडून बसलं. फॉर्म्युला बरोबर होता, W = p1·V1·ln(p1/p2), पण थोड्या वेळाने आलं, सर, #DIV/0! येतंय. बघतो तर p1 ला 10 आणि p2 ला 0, म्हणजे गेजचं रीडिंग जसंच्या तसं टाकलेलं. अरे, गेज शून्य दाखवतो तेव्हाही बाहेर हवेचा 1 बार असतोच, p·V कायम धरायचं तर ॲब्सोल्यूट प्रेशर लागतं, मग 11 आणि 1.

मग मी फळ्यावर कर्व्ह काढला. 0.5 घनमीटरला 11 बार, 1 ला 5.5, 2 ला 2.75, आणि 5.5 घनमीटरला पोचलो की 1 बार. काम म्हणजे या कर्व्हखालचं क्षेत्रफळ. प्रेशर सतत पडत असतं म्हणून p गुणिले व्हॉल्यूममधला फरक असं सरळ चालत नाही, बारीक पट्ट्या करून बेरीज करायची, आणि p च्या जागी p1V1/V ठेवलं की 1/V चं इंटिग्रेशन होऊन ln येतो. पोराला ते पटलं पण दिसलं नव्हतं, म्हणून 0.5 ते 1 ची पट्टी काढायला लावली: 3.8 लाख ज्यूल. मग 1 ते 2: पुन्हा 3.8! रुंदी दुप्पट, उंची निम्मी. 2 ते 4 पुन्हा तेवढंच, उरलेलं 4 ते 5.5 पावणेदोन लाख. एकूण 13.2 लाख, म्हणजे एक टनाची गाडी 130 मीटर वर उचलायला लागेल एवढं.

अर्थात हा वरचा आकडा, कारण यात तापमान कायम धरलंय. खरंच फुटली तर बाहेरून उष्णता आत यायला वेळच मिळत नाही, हवा गार पडते, कर्व्ह लवकर खाली येतो आणि काम साधारण 7 लाखच निघतं. शिवाय त्यातलं काही भोवतालची हवा ढकलण्यातच जातं. तरी ते थोडं नाही.

मग म्हटलं आता पाण्याचं काढ. तेवढीच टाकी, तेवढंच प्रेशर, आणि दाबलेल्या पाण्यात साठलेली ऊर्जा आली जेमतेम 110 ज्यूल. पोरगं दोनदा युनिट तपासून आलं, मला वाटतं तिसऱ्यांदा गुपचूप पण तपासलं असणार.

ते शीट कस्टमरला पाठवलं, हायड्रोला हो म्हणाले. टेस्टला 8 बारच्या आसपास नॉझलच्या वेल्डमधून दोऱ्याएवढी धार आली आणि पंप थांबवताच गेजचा काटा झपकन खाली. खाली कपभर पाणी सांडलं होतं, ते त्याच पोराने पुसलं.