सासवडची पहाट आणि माझी टाच

दिवेघाट चढताना टाच अजिबात दुखली नाही. दुखली ती दुसऱ्या दिवशी पहाटे, सासवडच्या राहुटीत, सतरंजीवरून उठून पाय टेकताना. टाचेच्या आतल्या बाजूला खिळा ठोकल्यासारखी कळ. दहा-पंधरा पावलं लंगडलो आणि कळ ओसरली. शेजारच्या मावशींनी विचारलं, "माऊली, काल तर बरे होता, रात्रीत काय झालं?"

काही झालं नव्हतं, फक्त झोपलो होतो. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळपायाखाली एक चिवट पट्टा असतो, प्लांटर फॅशिया. झोपेत पाऊल खाली झुकलेलं राहतं, त्यामुळे पोटरी आणि हा पट्टा आखडतात. उठल्यावर सगळं वजन एकदम पडतं, पट्टा ताणला जातो आणि टाचेला जिथे तो चिकटलेला असतो तिथे दुखतं. विसाव्याला तासभर बसून उठलं तरी तेच होतं.

माझं हे दुखणं हिवाळ्यातल्या मॅरेथॉनच्या सरावापासूनचं. एक्सरेत टाचेचं हाड वाढलेलं दिसलं होतं, पण फिजिओथेरपिस्टने त्याला महत्त्व दिलं नाही. असं हाड काहीच न दुखणाऱ्यांतही सापडतं.

पालखीचा सासवडला मुक्काम दोन रात्री असतो, ते पथ्यावर पडलं. त्यानंतर रोज पाय टेकण्याआधीच पाय मांडीवर घ्यायचो, हाताने बोटं नडगीकडे ओढायचो आणि दहापर्यंत मोजायचो. असं दहा वेळा. बोटं ओढल्यावर तळव्यात पट्टा दोरीसारखा ताठ लागला पाहिजे, नाहीतर ताण नीट बसलेला नाही. मावशींचा सल्ला होता अनवाणी चालण्याचा. त्या आयुष्यभर तशाच चालल्यात, पण डांबरावर मला ते परवडणारं नव्हतं. जाड तळाचे बूट शेवटपर्यंत पायात ठेवले.

आज किती चाललेलं पायाला झेपलं, हे उद्याच्या पहिल्या पावलांवरून ठरवायचं. कळ आदल्या दिवसापेक्षा जास्त किंवा जास्त वेळ टिकली, तर पुढचा निम्मा टप्पा दिंडीच्या ट्रकमध्ये. जेजुरीला मी तसाच पोहोचलो. दिंडीतल्या पोरांनी थोडी चेष्टा केली, चालायचंच.

खरी दुरुस्ती घरी आल्यावर सुरू झाली. पायरीच्या कडेवर उभं राहायचं, बोटांखाली गुंडाळलेला पंचा ठेवायचा आणि टाच तीन सेकंदांत वर, दोन सेकंद थांबून तीन सेकंदांत खाली. एक दिवसाआड, पुढे पाठीवर पुस्तकं भरलेली सॅक घेऊन. ताणाने कळ कमी होते, पण पट्ट्याला वजन पेलायला शिकवतो तो हा व्यायाम. फरक दिसायला महिने लागतात. बहुतेकांचं दुखणं वर्षभरात जातं.

टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर जोरात दुखत असेल, झोपेतही ठणकत असेल किंवा मुंग्या येत असतील, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा. हाडाला बारीक चीर असू शकते किंवा नस दबलेली असू शकते, आणि चीर असताना पायरीवरचा हा व्यायाम उलट नडतो.