पहिल्याच ओळीत शून्य

कॉलेज रोडवरच्या एका क्लासमध्ये मी फिजिक्स शिकवते. रविवारी जेईईच्या बॅचची टेस्ट असते आणि ती पर्याय रंगवायची नसते, पायऱ्या लिहून गणितं सोडवायची असतात. पेपर आधी आमचे नवे सर तपासतात. नुकतेच एमएस्सी होऊन रुजू झालेत, झपाट्यानं तपासतात. मग मॉडरेशनला गठ्ठा माझ्याकडे येतो. रोटेशनचा पेपर असला की मी आकडेमोडीकडे आधी बघतच नाही. अक्ष कुठे धरलाय आणि अंतर कुठून मोजलंय, एवढंच शोधते. पोरांची गुणाकारात चूक क्वचित होते. चूक असते ती बहुधा या दोन जागी.

त्या दिवशीचं गणित असं होतं. गुळगुळीत आडव्या टेबलावर १ मीटर लांबीची, ४०० ग्रॅम वजनाची एकसारखी दांडी मोकळी पडली आहे. ४०० ग्रॅमचाच ओल्या मातीचा गोळा ५ मीटर प्रति सेकंद वेगानं येतो, दांडीच्या एका टोकावर काटकोनात आदळतो आणि तिथेच चिकटतो. त्यानंतरचा अँग्युलर व्हेलॉसिटी काढा.

उत्तर ६ रेडियन प्रति सेकंद. दांडी आणि गोळा मिळून सेंटर ऑफ मास दांडीच्या मध्यापासून पाव मीटर गोळ्याकडे सरकतो. त्याभोवती गोळ्याचा अँग्युलर मोमेंटम ०.४ × ५ × ०.२५, म्हणजे ०.५. मोमेंट ऑफ इनर्शियात तीन तुकडे येतात: दांडीचा स्वतःच्या मध्याभोवतीचा ML²/12, दांडीचा मध्य पाव मीटर बाजूला असल्याचा Md², आणि पाव मीटरवरच्या गोळ्याचा md². बेरीज ०.०८३३. भागाकार केला की ६.

गठ्ठ्यात सगळ्यात जास्त उत्तरं ७.५ ची होती. या मुलांनी दांडीचा मध्य हाच अक्ष धरला होता. गोळ्याचं अंतर अर्धा मीटर, मोमेंटम १, इनर्शिया ०.१३३३, उत्तर ७.५. वही बघितली तर एकही पायरी खटकत नाही. पण हे उत्तर मध्यावर खिळा ठोकलेल्या दांडीचं आहे. खिळा आहे की नाही हे ओळखायला साधा सरळ रेषेतला मोमेंटम मोजायचा. आदळण्याआधी तो ०.४ × ५ म्हणजे २ होता. मुलाचं उत्तर खरं मानलं, तर दांडीचा मध्य जागच्या जागी आणि गोळा ७.५ × ०.५ म्हणजे ३.७५ मीटर प्रति सेकंदानं जातोय. मोमेंटम उरला १.५. हरवलेला ०.५ कुणी खाल्ला? खिळ्यानं. आणि प्रश्नात खिळा नाहीच.

काहींनी दांडीचं पलीकडचं टोक बिजागरीसारखं धरलं होतं. त्यांचं उत्तर ३.७५. तिथे हिशेब उलटा फसतो: गोळ्याचा १.५ आणि दांडीचा ०.७५ मिळून २.२५ होतात, आधीपेक्षा जास्त. बिजागरीनं पुढे ढकलल्याशिवाय हे शक्य नाही. दरवाजाचं गणित वर्गात घोटून घेतलेलं असतं, त्यामुळे दांडी दिसली की पोरांचा हात आपोआप ML²/3 कडे जातो.

एका वहीत १२ आलं होतं. अक्ष बरोबर सेंटर ऑफ मासवर, इनर्शियाही बरोबर ०.०८३३, पण मोमेंटम काढताना गोळ्याचं अंतर अर्धा मीटरच घेतलेलं. अक्ष सरकवला आणि त्रिज्या जुनीच राहिली. ही चूक एनर्जीनं लगेच पकडता येते. गोळ्याची सुरुवातीची एनर्जी ५ ज्यूल. १२ च्या वेगानं नुसत्या फिरण्याचीच ६ ज्यूल होते, सरळ जाण्याची २.५ वेगळीच. चिकटणाऱ्या टक्करीत एनर्जी घटायला हवी, इथे ती वाढली. बरोबर उत्तरात २.५ आणि १.५ मिळून ४ ज्यूल उरतात, एक ज्यूल माती चेपण्यात जातं.

एनर्जीच्या तपासणीवर मात्र डोळे मिटून विसंबू नये. दोन वह्यांत ८.५७ होतं. त्यांचा इनर्शिया ०.०५८३. त्याच आकड्यानं एनर्जी काढली तर एकूण ४.६४ ज्यूल येते, पाचाच्या आत, म्हणजे चूक सुटून जाते. खरा इनर्शिया घालून मोजलं तरच ती पाचाच्या वर जाते. या आकड्याची आणखी एक गंमत आहे. दांडीचं आणि गोळ्याचं वजन सारखंच असल्यानं, Md² विसरलं काय किंवा गोळा विसरला काय, दोन्हीकडून ०.०५८३ च येतं. नुसत्या उत्तरावरून मुलानं काय गाळलं ते सांगता येत नाही, पायरीच वाचावी लागते. एकानं दांडीचा मध्य सरकल्याचं विसरलं होतं, दुसऱ्यानं गोळा. दोघांचे मार्क सारखे, पण वहीत शेरा वेगळा लिहावा लागला.

मग दिंडोरीहून एसटीनं येणाऱ्या एका मुलीची वही आली. सरांनी तिला शून्य दिलं होतं. पहिल्या ओळीवरच लाल फुली, खालचं काही तपासलेलंच नाही. ओळ अशी होती: ‘सुरुवातीचा अँग्युलर मोमेंटम = ०’.

“मॅडम, गोळा पाचच्या वेगानं येतोय आणि ही म्हणते शून्य. पुढे काय बघायचं?” सर म्हणाले.

मी पुढचं वाचलं. तिनं शेजारी छोटी आकृती काढली होती. गोळा जिथे दांडीला लागतो तिथे एक ठिपका, आणि ठिपक्याजवळ लिहिलेलं: ‘टेबलावरचा बिंदू’. गोळा थेट त्या ठिपक्याकडेच येतोय, तेव्हा लंबांतर शून्य. दांडी थांबलेली. मग एकूण अँग्युलर मोमेंटम शून्यच! टक्करीनंतर तिनं दोन तुकडे मांडले होते. एक, सेंटर ऑफ मासभोवती फिरण्याचा, ०.०८३३ गुणिले ω. दुसरा, सगळं वजन २.५ मीटर प्रति सेकंदानं सरळ जातंय त्याचा, ०.८ × २.५ × ०.२५, म्हणजे ०.५, आणि त्याची दिशा उलटी. दोन्हींची बेरीज शून्य. ω = ६.

सरांनी वही ओढून घेतली, दोनदा वाचली. “पण अक्ष सेंटर ऑफ मासचाच घ्यायचा ना?”

“तसा नियम नाही. टेबलावरचा कुठलाही बिंदू चालतो, फक्त तो टेबलावर थांबलेला हवा आणि दोन्ही तुकडे मोजायला हवेत.”

सेंटर ऑफ मास घेतला की सरळ जाण्याचा तुकडा शून्य होतो, म्हणून तो सोयीचा. बाकी ठिकाणी तो तुकडा मांडावाच लागतो. ७.५ वाल्यांनाही दांडीच्या मध्याखालचा टेबलावरचा बिंदू घेता आला असता: सुरुवातीला १, त्यातून सरळ जाण्याचा ०.५ वजा, उरलेल्या ०.५ ला ०.०८३३ नं भागलं की पुन्हा ६. त्यांचा बिंदू चुकला नव्हता, त्या बिंदूला त्यांनी खिळा समजलं ही चूक होती.

सरांना अजून पटेना, आणि त्याला कारणही होतं. त्यांनी खालची एक वही काढून माझ्यासमोर ठेवली. त्या मुलानंही टक्कर होते तोच बिंदू घेतला होता, त्यानंही सुरुवातीला शून्य लिहिलं होतं. पुढे मात्र टक्करीनंतर इनर्शिया दांडीच्या त्या टोकाभोवती घेतला, ML²/3, आणि शून्य बरोबर ML²/3 गुणिले ω, म्हणून ω शून्य. खाली लिहिलेलं: ‘दांडी फिरणार नाही, सरळ जाईल’. टोकावर फटका बसून दांडी फिरणारच नाही!

“पहिली ओळ दोघांची एकच. मग हिला पूर्ण आणि याला नाही, असं कसं सांगू मुलांना?”

फरक त्या ठिपक्याजवळच्या दोन शब्दांत होता. मुलीचा बिंदू टेबलावर आहे, टक्कर झाल्यावरही तिथेच राहतो. मुलाचा बिंदू दांडीच्या टोकाला चिकटून दांडीबरोबर निघून जातो. निघून जाणाऱ्या टोकाला थांबलेला अक्ष मानून नुसतं Iω लिहिलं, की सरळ जाण्याचा तुकडा आपसूक गळतो.

स्टाफरूममध्ये कॅरम होता. मी बोर्डावर पावडर टाकली, बोर्डावर एक फुटाची लाकडी पट्टी ठेवली आणि एका टोकावर स्ट्रायकरनं हलकाच फटका मारला. पट्टी फिरलीच, शिवाय फटका बसलेलं टोक पुढे आणि पलीकडचं टोक थोडं मागे गेलं. सरांनी पट्टीवर पेन्सिलीच्या खुणा केल्या आणि आम्ही पुन्हा पुन्हा मारून बघितलं, क्षणभर न हलणारी जागा कुठे आहे ते. घर्षण असतं, स्ट्रायकर चिकटत नाही, त्यामुळे आकडा चोख मिळत नाही. पण ती जागा ना मध्यावर सापडत होती ना टोकावर, फटक्यापासून आठ इंचांच्या आसपास.

गणितही तेच सांगतं. सेंटर ऑफ मासचा वेग २.५, फिरण्याचा ६, २.५ भागिले ६ म्हणजे सुमारे ०.४२ मीटर. सेंटर ऑफ मासपासून एवढं मागे गेलं की तिथला वेग त्या क्षणी शून्य. गोळ्याच्या टोकापासून मोजलं तर लांबीचा दोन तृतीयांश. दांडीचा मध्य १ मीटर प्रति सेकंदानं पुढे जातो, पलीकडचं टोक २ मीटर प्रति सेकंदानं मागे. ज्यांनी मध्यावर खिळा ठोकला त्यांचाही अंदाज चुकला आणि ज्यांनी टोकाला बिजागरी लावली त्यांचाही. न हलणारा बिंदू दोहोंच्या मध्ये कुठेतरी होता, तोही एका क्षणापुरता.

सरांनी मुलीच्या वहीतली फुली खोडून शेजारी सही केली आणि पूर्ण मार्क दिले. मुलाला काय द्यायचे यावर आमचं थोडं वाजलं. ते म्हणत होते, उत्तरच हास्यास्पद आहे, शून्य द्या. माझं म्हणणं, सुरुवातीचा शून्य त्यानं कारण देऊन लिहिलाय, तेवढ्याचा एक मार्क त्याचा आहे. एक दिला. ७.५ वाल्यांनाही आम्ही एकेकच दिला होता, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती.

पुढच्या बॅचसाठी प्रश्नाच्या वाक्यात ‘मोकळी’ च्या पुढे ‘कुठेही न खिळवलेली’ असं घालावं, असं सरांनी सुचवलं. मी नको म्हटलं. खिळा नाही हे ओळखणं हाच त्या गणितातला अर्धा भाग आहे. त्याऐवजी खालच्या ओळीत एक उपप्रश्न वाढवला: टक्करीनंतर लगेच दांडीच्या मध्याचा वेग किती? दोन मार्क.